दोन अहवाल, दोन यंत्रे आणि ‘घटलेली’ हाडे

समजा, पुण्यातल्या ६४ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. दोन वर्षांपूर्वी मनगटाचे हाड मोडल्यावर डॉक्टरांनी त्यांना डेक्सा स्कॅन करायला सांगितला. कंबरेच्या मणक्यांची घनता निघाली ०.८८० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, टी-स्कोअर उणे २.५. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे ठिसूळ झालेली. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झाले. बाईंनी औषध एकदाही चुकवले नाही. दर रविवारी पहाटे रिकाम्या पोटी भांडेभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हा नेम त्यांनी दोन वर्षे पाळला.

दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा करायची वेळ आली. आधीचे केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. घराजवळच्या एका नव्या केंद्रात यंत्रही नवे होते आणि सवलतही चालू होती, म्हणून स्कॅन तिथे झाला. या वेळी त्याच मणक्यांची घनता आली ०.८१५. घरच्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून हिशेब केला, तर घट सात टक्क्यांहून अधिक! दोन वर्षे गोळ्या घेऊनही हाडे झिजतच होती, मग औषध वाया गेले असे सगळ्यांना वाटले. आता महागडी इंजेक्शने सुरू करावी लागणार का, याची चर्चा घरात सुरू झाली.

प्रत्यक्षात त्यांची हाडे घटली नव्हती. ती बहुधा चार-पाच टक्क्यांनी वाढली होती. पहिला स्कॅन ल्युनार या बनावटीच्या यंत्रावर झाला होता आणि दुसरा होलॉजिकच्या. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर होती. चूक झाली ती दोघांचे आकडे एकमेकांतून वजा करण्यात.

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातले आकडे खऱ्या यंत्रांमधल्या मोजलेल्या फरकावरूनच घेतले आहेत. एका डॉक्टरांचे पत्र घेऊन वेगवेगळ्या केंद्रांत तपासण्या करणे आपल्याकडे सर्रास चालते. रक्तातली साखर किंवा हिमोग्लोबिन तपासताना त्याने फारसे बिघडत नाही. डेक्साच्या बाबतीत मात्र निष्कर्ष थेट उलटा निघू शकतो. याचे कारण यंत्र काय मोजते आणि कसे मोजते, यात आहे.

यंत्र नेमके काय मोजते?

डेक्सा म्हणजे दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी केलेली मोजणी. रुग्ण टेबलावर उताणा झोपतो आणि क्ष-किरणांचा झोत कंबरेवरून आणि खुब्यावरून फिरतो. शरीरातून आरपार किती किरण गेले, हे दुसऱ्या बाजूचा संवेदक टिपतो. किरण अडवण्याचे काम हाडही करते आणि स्नायू-चरबीही करतात. परंतु दोन ऊर्जांना हाड आणि मऊ पेशीजाल वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्या फरकातून संगणक मऊ भागाचा वाटा वजा करतो आणि उरलेले खनिज हाडाचे आहे असे धरतो.

खनिजाचे वजन ग्रॅममध्ये निघते. चित्रात हाडाने व्यापलेले क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये निघते. पहिल्याला दुसऱ्याने भागले की मिळते ती घनता, म्हणजे अहवालातली बीएमडी. ही घनता थेट मोजलेली नसते. ती दोन अंदाजांचा भागाकार असते आणि दोन्ही अंदाज यंत्राच्या रचनेवर व त्यातल्या संगणकप्रणालीवर अवलंबून असतात.

पहिले व्यावसायिक डेक्सा यंत्र होलॉजिक या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणले. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरातली ल्युनार ही तिची मोठी प्रतिस्पर्धी. २००० मध्ये जीई या कंपनीने ती विकत घेतली. या दोन कंपन्यांनी एकच काम दोन पद्धतींनी केले. दोन ऊर्जांचे किरण मिळवण्यासाठी होलॉजिकने क्ष-किरण नळीचा विद्युतदाब झपाट्याने वर-खाली करण्याची पद्धत घेतली. ल्युनारने दाब स्थिर ठेवला आणि किरणांच्या वाटेत सेरियम धातूची गाळणी बसवली. यंत्राचा आकडा खऱ्या खनिजाशी जुळवून घेण्यासाठी वापरलेले नमुनेही दोघांनी वेगवेगळे निवडले. दोन दुकानांतल्या दोन तराजूंची वजने मुळातच वेगवेगळ्या मापांवर पारखून घ्यावीत, तसा हा प्रकार झाला.

त्याहून मोठा फरक पडतो तो हाडाची कड कुठे संपते हे ठरवण्यात. मणक्याची कड चित्रात चाकूने कापल्यासारखी नसते. ती हळूहळू फिकट होत जाते. कुठपर्यंतचा भाग हाड म्हणायचा, हे प्रत्येक कंपनीची प्रणाली स्वतःच्या नियमाने ठरवते. समजा, एका प्रणालीने फिकट कडेसह ६० चौरस सेंटिमीटर क्षेत्र धरले आणि त्यात ४८ ग्रॅम खनिज सापडले, तर घनता ०.८०० येते. दुसऱ्या प्रणालीने कडेचे ३ चौरस सेंटिमीटर वगळले, तर त्या विरळ पट्टीतले जेमतेम ०.६ ग्रॅम खनिजही वगळले जाईल. आता ४७.४ भागिले ५७, म्हणजे ०.८३२. हाड तेच, चित्रही तेच, पण घनता चार टक्क्यांनी ‘वाढली’.

खुब्याच्या सांध्यात आणखी एक भर पडते. मांडीच्या हाडाच्या मानेवर जी चौकट ठेवून घनता काढतात, तिची जागा आणि रुंदी दोन्ही बनावटींमध्ये वेगळी असते. त्यामुळे हाडाचा तोच तुकडा दोघांनी मोजला, असेही म्हणता येत नाही.

शंभर महिला, तीन यंत्रे

हा फरक किती आहे, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने स्पष्ट केले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी जेनंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० निरोगी महिलांचे स्कॅन होलॉजिक, ल्युनार आणि नॉरलंड या तीन बनावटींच्या यंत्रांवर केले. त्यावरून एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या भाषेत आणण्याची सूत्रे त्यांनी काढली. कंबरेच्या मणक्यांसाठी ल्युनारचा आकडा होलॉजिकपेक्षा सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास जास्त येतो, असे त्या सूत्रांतून दिसते. संपूर्ण खुब्यासाठी हाच फरक सुमारे ७ टक्के आहे. म्हणजे सगळ्या जागांना लागू पडेल असा एकच गुणक नाही.

हा १३ टक्क्यांचा आकडा हाडांच्या खऱ्या चालीशी ताडून पाहायला हवा. पाळी थांबून बरीच वर्षे झालेल्या स्त्रीच्या हाडांची घनता वर्षाला साधारण एखाद-दोन टक्क्यांनी घटते. अलेन्ड्रोनेटसारख्या औषधाने मणक्यांची घनता दोन वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणजे जो बदल शोधायचा, त्याच्या दुपटीहून मोठा फरक केवळ यंत्र बदलल्याने पडतो.

शिक्षिकाबाईंचा हिशेब आता पुन्हा मांडता येतो. त्यांचा पहिला आकडा, ल्युनारचा ०.८८०, जेनंट यांच्या सूत्राने होलॉजिकच्या भाषेत आणला तर ०.९०६ ने गुणून ०.०२५ वजा करायचे. उत्तर येते ०.७७२. म्हणजे दोन वर्षांपूर्वी त्या होलॉजिकवर झोपल्या असत्या, तर अंदाजे एवढा आकडा आला असता. आताचा आकडा ०.८१५. ही साडेपाच टक्क्यांची वाढ आहे, सात टक्क्यांची घट नाही.

या घोटाळ्याची खूण त्यांच्या हातातल्या कागदांवरच होती. पहिला टी-स्कोअर उणे २.५ होता, दुसरा उणे २.१. घनता सात टक्क्यांनी घटली असती, तर टी-स्कोअर सुधारला कसा? टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपासून आपण किती दूर आहोत याचे माप. प्रत्येक कंपनी मणक्यांसाठी ही सरासरी आपल्याच यंत्रावरच्या मोजणीतून घेते. ल्युनारची तरुण सरासरी १.१८ च्या घरात आहे, होलॉजिकची १.०५ च्या. त्यामुळे यंत्राचा पक्षपात टी-स्कोअरमध्ये बराचसा पुसला जातो. घनता एका दिशेला आणि टी-स्कोअर दुसऱ्या दिशेला जात असेल, तर हाडांबद्दल काही बोलण्याआधी यंत्र बदलले का हे विचारायला हवे.

उलटी चूक अधिक महाग

शिक्षिकाबाईंना विनाकारण धास्ती बसली. यंत्रे उलट्या क्रमाने आली असती, तर विनाकारण दिलासा मिळाला असता आणि तो जास्त घातक ठरतो.

दुसऱ्या एखाद्या बाईंचा पहिला स्कॅन होलॉजिकवर झाला आणि घनता ०.८५० आली, असे धरू. औषध सुरू झाले, पण त्या गोळी चहाबरोबर घेतात, त्यामुळे ती शरीरात जवळजवळ शोषलीच जात नाही. दोन वर्षांनी ल्युनारवर घनता येते ०.९००. कागदावर सहा टक्क्यांची वाढ दिसते. डॉक्टरांच्या हातात फक्त शेवटचा अहवाल आणि मागचा आकडा असेल, तर ‘छान चालले आहे, हेच चालू ठेवा’ असे सांगितले जाईल. पण ०.९०० होलॉजिकच्या भाषेत ०.७९० होतात. म्हणजे प्रत्यक्षात सात टक्के हाड गेले आहे. गोळी कशी घेता, हा एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. त्याचे उत्तर पुढे खुब्याच्या फ्रॅक्चरमधून मिळण्याची भीती असते. इथेही टी-स्कोअर खरे बोलत असतो. तो उणे १.८ वरून उणे २.३ वर घसरलेला असतो, पण ‘वाढली’ म्हटल्यावर तिकडे कोण पाहणार!

सूत्र आहे, मग अडचण काय?

एवढी नेमकी सूत्रे असताना आकडे बदलून घेऊन तुलना का करू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर शिक्षिकाबाईंच्याच आकड्यांत आहे. त्याच अभ्यासातून ‘प्रमाणित घनता’ काढण्याची दुसरी रीतही निघाली. तिच्यात ल्युनारचा आकडा ०.९५२२ ने आणि होलॉजिकचा १.०७५५ ने गुणून दोघांना एका सामाईक मापावर आणतात. त्या रीतीने ०.८८० चे ०.८३८ होतात आणि ०.८१५ चे ०.८७७. वाढ येते ४.६ टक्के. पहिल्या सूत्राने ती साडेपाच टक्के होती. एकाच अभ्यासातल्या, एकाच महिलांच्या मोजणीवरून काढलेल्या दोन सूत्रांत जवळपास एक टक्क्याचा फरक आहे.

याचे कारण सूत्र सरासरीचे असते आणि समोरची व्यक्ती सरासरी नसते. कोणाच्या पोटावर चरबी जास्त, कोणाच्या मणक्यांना सांधेवाताने काटे फुटलेले, कोणाची हाडे इतकी विरळ की कडच सापडत नाही. या प्रत्येक बाबतीत दोन यंत्रे वेगवेगळी वागतात. शिवाय ही सूत्रे त्या काळातल्या यंत्रांवर काढलेली आहेत आणि त्यानंतर यंत्रांच्या पिढ्या बदलल्या. मोठ्या लोकसंख्येचा अभ्यास करताना सूत्र उपयोगी पडते. शिक्षिकाबाईंसारख्या उदाहरणात दिशा उलटी तर नाही ना, हेही त्यावरून ताडता येते. पण एका रुग्णाचे औषध बदलायचे की नाही, हा निर्णय त्यावर टाकता येत नाही.

एक-दोन टक्क्यांना एवढे महत्त्व का, हेही समजून घ्यायला हवे. एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, त्याच माणसाला टेबलावरून उठवून पुन्हा झोपवले, तरी आकडा थोडा हलतो. पाय थोडा कमी-जास्त आत वळतो, कंबर थोडी तिरकी राहते. म्हणून प्रत्येक केंद्राने आपल्या तंत्रज्ञाच्या हातून होणारी ही चूक मोजायची असते. ३० रुग्णांचे दोनदा किंवा १५ रुग्णांचे तीनदा स्कॅन करून ती काढतात. त्या चुकीला २.७७ ने गुणले की मिळतो ‘किमान अर्थपूर्ण बदल’. याहून लहान फरक असेल, तर तो हाडातला बदल आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. हाडांच्या घनतेच्या मोजणीचे निकष ठरवणाऱ्या आयएससीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने तंत्रज्ञाच्या चुकीची कमाल मर्यादा मणक्यांसाठी १.९ टक्के आणि संपूर्ण खुब्यासाठी १.८ टक्के ठेवली आहे. त्यावरून किमान अर्थपूर्ण बदल अनुक्रमे ५.३ आणि ५ टक्के येतो. चांगल्या केंद्रात तो याहून कमी, तीन टक्क्यांच्या जवळपासही असतो.

आता ५.३ टक्क्यांची ही रेघ शिक्षिकाबाईंच्या दोन उत्तरांच्या मधोमध पडते. एका सूत्राने त्यांची सुधारणा खरी ठरते, दुसऱ्याने अनिश्चित. शिवाय ही रेघ एका यंत्रासाठी आहे. दोन यंत्रांमधली तुलना असेल, तर ती आणखी वर सरकते. त्याच जुन्या यंत्रावर स्कॅन झाला असता, तर सूत्रांचा हा सगळा खटाटोप करावाच लागला नसता.

यंत्र तेच, पण प्रणाली बदलली तर?

‘त्याच यंत्रावर’ एवढे सांगूनही काम संपत नाही. यंत्र तेच राहिले आणि त्यातली संगणकप्रणाली बदलली, तरी आकडे सरकू शकतात. हे तीन प्रकारे घडते.

पहिला प्रकार कडेचा. होलॉजिकच्या प्रणालीत फार विरळ हाडांसाठी विश्लेषणाची वेगळी पद्धत आहे. ती फिकट कडाही हाडात धरते. जुन्या आवृत्त्यांत ती वापरायची की नाही, हे तंत्रज्ञ ठरवत असे. नंतरच्या आवृत्त्यांत घनता कमी दिसली की प्रणाली आपोआप ती पद्धत लावते. विरळ कड हिशेबात आली की क्षेत्रफळ वाढते आणि घनतेचा आकडा खाली येतो. आधीचा अहवाल नेहमीच्या पद्धतीने आणि नंतरचा विरळ हाडांच्या पद्धतीने काढला गेला, तर ही घट हाडातली नसून हिशेबातली असते.

दुसरा प्रकार तरुण सरासरीचा. अमेरिकेत सरकारने केलेल्या ‘नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्व्हे’ या मोठ्या पाहणीत खुब्यांची घनता मोजली गेली. तेव्हा असे दिसले, की कंपनी वापरत असलेली तरुण सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा ३ ते ५ टक्के जास्त होती. पुढे यंत्रांच्या प्रणालीत नवी सरासरी घातली गेली. ज्या स्त्रियांचा टी-स्कोअर जुन्या मापाने ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेखाली होता, त्यांतल्या बऱ्याच जणी नव्या मापाने रेषेच्या वर आल्या. हाडातला एक कणही बदलला नव्हता. आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका वाटेने येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय स्त्री-पुरुषांसाठी तरुण वयातल्या घनतेची स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. यंत्रात कोणत्या समाजाची सरासरी निवडली आहे, यावर टी-स्कोअर ठरतो. एका खेपेला पाश्चात्त्य आणि दुसऱ्या खेपेला भारतीय सरासरी निवडली गेली, तर घनता जशीच्या तशी असूनही टी-स्कोअर सुधारलेला दिसतो.

यावरून एक नियम हाती येतो. निदान करताना टी-स्कोअर पाहायचा, पण औषधाचा परिणाम तपासताना ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमधला घनतेचा आकडा ताडायचा, आणि तोही एकाच यंत्रावरचा. यंत्रे वेगळी असतील, तर टी-स्कोअर फक्त धोक्याची घंटा म्हणून कामाला येतो.

तिसरा प्रकार निवडलेल्या मणक्यांचा. काही अहवालांत कंबरेच्या पहिल्या ते चौथ्या मणक्याची सरासरी देतात, काहींत दुसऱ्या ते चौथ्याची. खालचे मणके साधारणपणे जास्त घन असतात, म्हणून पहिला वगळला की सरासरी वर जाते. मधल्या काळात एखादा मणका दबला असेल, तर त्याची उंची कमी होऊन तो उगाच घन दिसतो. त्याला दोन्ही अहवालांतून वगळूनच तुलना करावी लागते.

या तिन्ही प्रकारांवर एक चांगला उपाय आहे. डेक्सा यंत्र फक्त छापील अहवाल ठेवत नाही, मूळ स्कॅनची फाइलही साठवते. प्रणाली बदलली असेल, तर तंत्रज्ञ जुना स्कॅन नव्या आवृत्तीत उघडून, तेच मणके आणि त्याच चौकटी ठेवून त्याचे पुन्हा विश्लेषण करू शकतो. मग दोन्ही आकडे एकाच हिशेबातून येतात. पण ही फाइल त्या केंद्राच्या संगणकात असते, रुग्णाच्या पिशवीतल्या कागदावर नसते. त्याच केंद्रात परत जाण्याचे हे आणखी एक कारण.

यंत्र मोडीत निघाले तर?

यंत्रे जुनी होतात, केंद्रे बंद पडतात, माणसे गाव बदलतात. अशा वेळी काय करायचे, याचेही निकष ठरलेले आहेत.

यंत्रातला एखादा भाग, उदाहरणार्थ क्ष-किरण नळी, बदलली तर केंद्राने दुरुस्तीच्या आधी आणि नंतर ‘फँटम’चे दहा-दहा स्कॅन करायचे असतात. फँटम म्हणजे ठरलेल्या घनतेचे, मणक्यांच्या आकाराचे नमुने असलेला ठोकळा. सरासरीत एक टक्क्याहून जास्त फरक पडला, तर कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवायचे. एरवीही हा ठोकळा नियमित स्कॅन करून त्याचा आलेख ठेवायचा असतो. माणसाची हाडे बदलतात, ठोकळा बदलत नाही. त्याचा आकडा सरकला तर यंत्रच सरकले.

पूर्ण यंत्रच बदलून वेगळ्या तंत्राचे आणले, मग ते त्याच कंपनीचे का असेना, तर ठोकळा पुरेसा नाही. तेव्हा ३० रुग्णांचे जुन्या यंत्रावर एकदा आणि नव्या यंत्रावर दोनदा स्कॅन ६० दिवसांच्या आत करायचे. त्यावरून त्या दोन विशिष्ट यंत्रांमधले नाते काढायचे. हे काम जुने यंत्र हलवण्याआधीच करावे लागते. ते झाले नसेल, तर आयएससीडीचा निकष स्पष्ट आहे. जुन्या यंत्राच्या आकड्यांशी संख्यात्मक तुलना करायची नाही. नव्या यंत्रावरचा पहिला स्कॅन हाच नवा पाया धरायचा आणि तिथून पुढे मोजायचे.

शिक्षिकाबाईंच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच करायला हवे. शक्य असेल तर जुन्या केंद्रात स्कॅन पुन्हा करून घ्यावा. डेक्साचा किरणोत्सर्ग इतका अल्प असतो की त्यासाठी कचरण्याचे कारण नाही. ते शक्य नसेल, तर नवा आकडा पाया धरावा. औषध लागू पडते का, याचे उत्तर तोवर दुसऱ्या वाटेने मिळू शकते. हाड झिजताना रक्तात उतरणारा सीटीएक्स नावाचा प्रथिनाचा तुकडा अलेन्ड्रोनेट नीट काम करत असेल, तर तीन ते सहा महिन्यांत स्पष्ट खाली येतो. सकाळी उपाशीपोटी दिलेल्या रक्तातून तो तपासता येतो.

गावोगावच्या शिबिरांत टाच एका छोट्या यंत्रात ठेवून हाडांची तपासणी करतात आणि कागदावर टी-स्कोअर छापून देतात. ती ध्वनिलहरींची तपासणी आहे, डेक्सा नव्हे. तिथला आकडा डेक्साच्या कोणत्याही आकड्याशी ताडता येत नाही आणि औषधाचा परिणाम पाहायलाही तो उपयोगी नाही.

दुसऱ्या स्कॅनला निघण्याआधी जुना अहवाल बाहेर काढला, तर बरेच काही त्याच्यावरच सापडते. यंत्राची बनावट आणि मॉडेल सहसा वरच्या किंवा खालच्या ओळीत बारीक अक्षरांत छापलेले असते. त्याच्याजवळच प्रणालीचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. कोणते मणके मोजले आणि कोणत्या बाजूचा खुबा स्कॅन केला, हेही असते. वेळ ठरवण्यासाठी केंद्रात फोन करताना यंत्र तेच आहे का, मधल्या काळात ते किंवा त्याची प्रणाली बदलली का, आणि बदलली असेल तर जुन्या स्कॅनचे पुन्हा विश्लेषण करून मिळेल का, एवढे विचारता येते. नव्या अहवालात आधीच्या आकड्याशी तुलना दिली असेल, तर तिच्याशेजारी केंद्राचा स्वतःचा किमान अर्थपूर्ण बदल छापलेला असायला हवा. तो नसेल, तर कागदावरची ‘वाढ’ किंवा ‘घट’ खरी आहे की नाही, हे त्या कागदावरून ठरवता येत नाही.